मराठी नोंदी सेव्ह का होत नव्हत्या

“सर, तुमच्या सॉफ्टवेअरला मराठी चालत नाही.”

फोनवर ग्रंथपाल मॅडम होत्या. त्यांच्या वाचनालयाची पुस्तकसूची आम्ही वेबवर आणून दिली होती. प्रत्येक पुस्तकाची एक नोंद, तिच्यात नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि शेवटी ‘टीप’ नावाचा मोठा रकाना. मॅडम टिपा मनापासून लिहायच्या. पुस्तक कोणी देणगी दिलं, आवृत्ती कितवी, कुठली पानं सुटली आहेत, सगळं. इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी उघडून दुरुस्त करता येत होत्या. मराठी नोंद उघडून एक वेलांटी बदलली आणि ‘सेव्ह’ दाबलं, की पडद्यावर यायचं: ‘ही नोंद दरम्यान दुसऱ्या कोणीतरी बदलली आहे. पान पुन्हा उघडा.’ पान पुन्हा उघडलं तरी तेच. “दुसरं कोणी म्हणजे कोण? इथे मी आणि पंखा,” मॅडम म्हणाल्या.

आम्ही दोन दिवस घालवले. डेटाबेसची अक्षरसंहिता तपासली, फॉन्ट तपासले, जोडाक्षरांवर संशय घेतला. तेवढ्यात मॅडमनी स्वतःपुरता उपाय शोधून काढला होता. नव्या पुस्तकांच्या टिपा त्या इंग्रजी अक्षरांत लिहायला लागल्या. भाषा मराठीच, लिपी रोमन, मोबाइलवर निरोप धाडतात तशी. त्या नोंदी नंतर उघडून दुरुस्त करता येत होत्या. त्यामुळे आमचा संशय मराठीवर आणखीच पक्का झाला.

चूक मराठीत नव्हती. महिनाभरापूर्वी आम्हीच सर्व्हरवर एक सुधारणा केली होती, तिच्यात होती. ती कळण्यासाठी आधी ईटॅग म्हणजे काय ते पाहावं लागेल.

ब्राउझरनं सर्व्हरकडे एखादं पान मागितलं की पानासोबत काही ओळी येतात, ज्या आपल्याला दिसत नाहीत. त्यांना हेडर म्हणतात. त्यांतला एक ईटॅग. अवतरणचिन्हांत लिहिलेली एक छोटीशी खूण असते ती, आणि अर्थ एवढाच की ‘मी तुला आत्ता जे दिलं, त्याची ही ओळख’. खूण कशी बनवायची ते सर्व्हरनं ठरवायचं. कोणी फाइलची वेळ आणि आकार जोडून बनवतं, कोणी मजकुराचा हॅश काढतं. आमच्या सूचीत प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक होता, नोंद बदलली की तो एकानं वाढायचा, आणि तोच आम्ही ईटॅग म्हणून देत होतो. सातव्यांदा बदललेल्या नोंदीची खूण `"7"`.

ही खूण दोन कामांना येते. पहिलं काम वाचण्याचं. ब्राउझरकडे नोंद आधीच साठवलेली असली, तर तो ती पुन्हा मागताना विचारतो, ‘माझ्याकडे सात नंबरची आहे, वेगळी असेल तरच पाठव.’ वेगळी नसेल तर सर्व्हर मजकूर पाठवतच नाही, नुसतं ‘बदल नाही’ म्हणतो:

```
GET /books/4127 HTTP/1.1
If-None-Match: "7"

HTTP/1.1 304 Not Modified
ETag: "7"
```

दुसरं काम लिहिण्याचं, आणि ते जास्त जोखमीचं. समजा सकाळपाळीच्या बाईंनी आणि मॅडमनी एकच नोंद एकाच वेळी उघडली. बाईंनी किंमत दुरुस्त करून सेव्ह केली. नंतर मॅडमनी टीप सेव्ह केली, तर त्यांच्या पडद्यावरची जुनी किंमत बाईंच्या दुरुस्तीवर जाऊन बसेल आणि कोणालाच कळणार नाही. म्हणून सेव्ह करताना ब्राउझर `If-Match` या हेडरात सांगतो, ‘मी सात नंबरची नोंद वाचून ही दुरुस्ती केली आहे. अजून सातच असेल तर लिही.’ नोंद एव्हाना आठ झाली असेल, तर सर्व्हर नकार देतो: `412 Precondition Failed`. मॅडमना दिसणारा ‘दुसऱ्या कोणीतरी’चा संदेश आम्ही या ४१२ वर बांधला होता.

म्हणजे सर्व्हरला वाटत होतं की क्रमांक जुळत नाही. डेटाबेसमध्ये पाहिलं तर नोंद सातवरच होती.

इथे ईटॅगच्या दोन जाती समजून घ्याव्या लागतात. तांत्रिक कागदपत्रांत त्यांना स्ट्राँग आणि वीक म्हणतात. आपल्याकडे पावती पक्की असते किंवा कच्ची असते. मला तेच शब्द जवळचे वाटतात.

वाचनालयाचंच उदाहरण घेतो. एका कादंबरीची नेहमीच्या टायपातली प्रत आहे आणि ज्येष्ठ वाचकांसाठी मोठ्या टायपात छापलेली दुसरी. मजकूर शब्दाला शब्द एकच. ‘तुम्ही ही कादंबरी वाचली आहे का?’ या प्रश्नाला दोन्ही प्रती सारख्याच. पण कोणी फोनवर विचारलं की ‘माझ्या प्रतीची १४३ नंतरची पानं गळाली आहेत, तेवढी झेरॉक्स करून पाठवा’, तर मात्र कुठली छपाई ते कळल्याशिवाय हात लावता येत नाही. मोठ्या टायपातलं १४४वं पान बारीक टायपातल्या १४३व्या पानाला जोडलं तर गोष्ट तुटेल, किंवा मागे जाईल.

पक्का ईटॅग छपाईची ओळख सांगतो. दोन उत्तरांवर एकच पक्की खूण असेल, तर त्यांतली बाइट न् बाइट सारखी असलीच पाहिजे. कच्चा ईटॅग फक्त कादंबरीची ओळख सांगतो: अर्थ तोच, मांडणी वेगळी असू शकेल. कच्च्या खुणेच्या आधी `W/` लागतं, म्हणजे `"7"` पक्का आणि `W/"7"` कच्चा. त्यातला डब्ल्यू कॅपिटलच हवा. ही विभागणी काल-परवाची नाही. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ चं पहिलं मानक निघालं, त्यात ती आहे, आणि जून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्येही ती तशीच आहे.

आता खुणा दोन जातींच्या झाल्या, तेव्हा त्या ताडून पाहण्याच्या रीतीही दोन झाल्या. सैल रीतीत `W/` कडे दुर्लक्ष करायचं आणि अवतरणातला मजकूर जुळतो का एवढंच पाहायचं. त्या रीतीनं `W/"7"` आणि `"7"` एकच. कडक रीतीत दोन्ही खुणा पक्क्या असल्या आणि जुळल्या तरच एक. यातली एक गोष्ट पहिल्यांदा वाचणाऱ्याला पटत नाही: कडक रीतीनं `W/"7"` हा `W/"7"` शीसुद्धा जुळत नाही. स्वतःशीच जुळत नाही! पण विचार केला तर बरोबर आहे. कच्ची पावती कच्च्या पावतीला दाखवून पक्की होत नसते.

वाचण्याच्या कामाला, म्हणजे `If-None-Match` ला, सैल रीत लागते. साठवलेली प्रत अर्थानं तीच असेल तर ती दाखवायला काय हरकत आहे? लिहिण्याच्या कामाला, म्हणजे `If-Match` ला, कडक रीत लागते. अर्धवट उतरवलेली फाइल पुढे चालू करण्यासाठी `If-Range` नावाचं हेडर असतं, त्यालाही कडकच.

आमचा सर्व्हर `"7"` अशी पक्की खूण देत होता, मी स्वतः ते कोडमध्ये लिहिलं होतं. मग ती वाटेत कच्ची कुठे झाली?

वाचनालयाचं इंटरनेट संथ होतं, म्हणून महिनाभरापूर्वी आम्ही आमच्या प्रोग्रामच्या पुढे एनजिनएक्स बसवला होता. बाहेरून येणारी प्रत्येक मागणी आधी त्याच्याकडे येते, तो ती आत पोचवतो आणि उत्तर बाहेर देतो. अशा मधल्या गड्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. त्याच्यात आम्ही जीझिप कॉम्प्रेशन सुरू केलं. एनजिनएक्स स्वतःहून फक्त एचटीएमएल दाबतो. आमच्या नोंदी जेसन या स्वरूपात जायच्या, म्हणून तो प्रकार आम्ही यादीत मुद्दाम घातला. पानं झटपट उघडायला लागली आणि आमची पाठ थोपटली गेली.

आता एनजिनएक्सच्या जागी उभं राहून पाहा. आतून एक नोंद आली, तिच्यावर पक्की खूण `"7"`. पक्की म्हणजे हमी आहे की बाइट न् बाइट अशीच. एनजिनएक्सनं मजकूर दाबला. आता बाहेर जाणारी बाइटं पार वेगळी आहेत, आणि त्याच मागणीला कॉम्प्रेशन न मागणारा दुसरा कोणी आला तर त्याला मूळ बाइटं जाणार. दोघांवर एकच पक्की खूण लावली तर ती खोटी साक्ष ठरेल.

खोट्या साक्षीनं काय बिघडतं ते मोठ्या फाइलीत दिसतं. समजा कोणी ४० एमबीची फाइल दाबलेल्या रूपात उतरवत होता आणि अर्ध्यावर लाइन गेली. पुन्हा जोडल्यावर त्याचा प्रोग्राम म्हणतो, ‘या खुणेचीच फाइल असेल तर अमुक बाइटपासून पुढे दे.’ या वेळी उत्तर न दाबलेल्या फाइलीतून आलं आणि खूण तीच निघाली, तर सर्व्हर निर्धास्तपणे पुढचा तुकडा देईल. पहिला अर्धा भाग बारीक टायपाचा, दुसरा मोठ्या टायपाचा. फाइल उघडणार नाही, आणि कुठेही चूक नोंदलेली सापडणार नाही.

म्हणून दाबणाऱ्यानं खूण बदलायलाच हवी. ती कशी बदलायची याबद्दल दोन मोठ्या वेब सर्व्हरांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या.

एनजिनएक्सनं पदावनतीची वाट धरली. तो सुरुवातीला दाबलेल्या उत्तरावरून ईटॅग काढूनच टाकायचा. २०१४ च्या जुलैत आलेल्या १.७.३ आवृत्तीपासून तो पक्क्या खुणेपुढे `W/` लावतो आणि मुळात कच्ची असेल ती तशीच ठेवतो. (खूण अवतरणचिन्हांशिवाय लिहिली असेल तर मात्र तो ती दाबताना अजूनही गाळतो. अवतरणचिन्हं विसरणारे बरेच असतात.) मला ही वाट प्रामाणिक वाटते. एकच मजकूर जीझिपच्या दुसऱ्या पातळीवर किंवा दुसऱ्या लायब्ररीनं दाबला तर बाइटं बदलतात. जाता जाता दाबणारा मधला गडी ‘पुढच्या वेळीही हीच बाइटं येतील’ अशी हमी कशाच्या जोरावर देणार? ‘अर्थ तोच आहे’ एवढंच तो छातीठोकपणे सांगू शकतो, आणि `W/` तेच सांगतं.

अपाचेनं नव्या नावाची वाट धरली. २.४ च्या आधी त्याचं दाबणारं मोड्यूल खुणेला हातच लावायचं नाही, म्हणजे वरची खोटी साक्ष द्यायचं. २.४ पासून ते खुणेच्या शेवटी, अवतरणाच्या आत, शेपूट जोडतं: `"2d-5f3e1a"` ची `"2d-5f3e1a-gzip"` होते. दाबलेल्या आणि न दाबलेल्या प्रतींना वेगळी नावं मिळाली, कागदावर सगळं शुद्ध. आता पुढची मागणी पाहा. ब्राउझर शेपटीसकट खूण परत पाठवतो. फाइल देणारा आतला भाग स्वतःची खूण काढतो, ती बिनशेपटीची. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून तो म्हणतो ‘बदललं आहे’ आणि आख्खी फाइल देतो. ती बाहेर जाताना दाबली जाते आणि तिला पुन्हा तीच शेपूट लागते. फाइल वर्षभर कोणी शिवलेली नसली तरी ‘बदल नाही’ हे उत्तर मिळतच नाही. तारीख तरी वाचवेल असं वाटेल, पण `If-None-Match` असताना तारखेची अट पाहायची नाही असा नियमच आहे.

हा बिघाड वर्षानुवर्षं राहू शकतो, कारण कोणाचं काही अडत नाही. पान उघडतं, बरोबर उघडतं, फक्त प्रत्येक वेळी पूर्ण येतं. अपाचेच्या स्वतःच्या कागदपत्रांत हा परिणाम स्पष्ट लिहिला आहे, आणि २.४.५८ पासून `DeflateAlterETag` या सूचनेनं शेपूट जोडायची, काहीच बदलायचं नाही, की खूणच काढून टाकायची, हे ठरवता येतं. तीन पर्यायांपैकी एकही निर्दोष नाही. मी असतो तर ‘काढून टाका’ निवडलं असतं. खूण नसली की तारखेवरचं ‘बदल नाही’ तरी पुन्हा चालू होतं.

थोडक्यात, अपाचेच्या वाटेनं वाचण्याचं काम बिघडतं आणि एनजिनएक्सच्या वाटेनं लिहिण्याचं. आम्ही एनजिनएक्सवाले. आमच्या मॅडमच्या ब्राउझरला मिळालं हे:

```
ETag: W/"7"
Content-Encoding: gzip
```

आणि सेव्ह दाबल्यावर त्यानं इमानानं तीच खूण परत केली:

```
PUT /books/4127 HTTP/1.1
If-Match: W/"7"

HTTP/1.1 412 Precondition Failed
```

आमच्या प्रोग्रामनं कडक रीतीनं ताडलं, खूण कच्ची निघाली, नकार दिला. ब्राउझर, एनजिनएक्स आणि आमचा प्रोग्राम, तिघंही नियमानं वागले आणि मॅडमची वेलांटी अडकली.

पण मग इंग्रजी नोंदी कशा सेव्ह होत होत्या? हे कोडं सुटलं तेव्हा मी खरोखर हसलो.

फार लहान मजकूर दाबण्यात फायदा नसतो, म्हणून एनजिनएक्सला सांगता येतं की अमुक बाइटांच्या आतलं दाबू नकोस. ही मर्यादा मुळात फक्त २० असते. आम्ही शहाणपण करून ती १००० केली होती. इंग्रजी अक्षर यूटीएफ-८ मध्ये एक बाइट घेतं. देवनागरीत प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नाही. काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार प्रत्येकाचे तीन वेगळे. ‘लायब्ररी’ हा शब्द इंग्रजीत लिहिला तर सात बाइट. ‘ग्रंथालय’ लिहिलं तर ग, हलन्त, र, अनुस्वार, थ, काना, ल, य, अशी आठ चिन्हं आणि २४ बाइट. पन्नासेक मराठी शब्दांत हजाराची वेस ओलांडली जाते. तेवढीच टीप इंग्रजी अक्षरांत लिहिली तर ती वेशीच्या आत राहते, दाबली जात नाही, आणि खूण पक्की राहते. मॅडमचा रोमन लिपीचा उपाय अचूक होता, कारण माहीत नसताना!

म्हणजे सर्व्हरला मराठी चालत नव्हती असं नाही, त्याला वजन लागत होतं. तपासायला आधी सुचलं असतं तर एक लांबलचक इंग्रजी टीप पुरली असती. तीही अडकली असती.

सापडायला उशीर होण्याचं आणखी एक कारण सांगण्यासारखं आहे, कारण त्यात कोणीही फसेल. पहिल्याच दिवशी माझ्यासोबतच्या मुलानं `curl` या आज्ञेनं नोंद मागवून पाहिली होती. “दादा, ईटॅग बरोबर येतोय,” तो म्हणाला, आणि खरंच `"7"` येत होता. ब्राउझर प्रत्येक मागणीत ‘मला दाबलेलं चालेल’ असं कळवतो. `curl` सांगितल्याशिवाय कळवत नाही. त्यामुळे त्याला न दाबलेली नोंद आणि पक्की खूण मिळाली. खरी परीक्षा घ्यायची तर मजकूर मागवायचा, तो फेकून द्यायचा आणि हेडर तेवढे पाहायचे, दोनदा:

```
curl -s -o /dev/null -D - https://example.org/books/4127
curl -s -o /dev/null -D - -H 'Accept-Encoding: gzip' https://example.org/books/4127
```

दोन्ही उत्तरांतल्या ईटॅगच्या ओळी शेजारी ठेवायच्या. दुसरीत `W/` आलं, शेपूट आली किंवा ओळच गायब झाली, तर मधला गडी सापडला. आत, प्रॉक्सीला वगळून थेट प्रोग्रामकडे तीच मागणी केली की खात्री होते. एचटीटीपीएसमुळे वाटेतला परका आता सहसा यात हात घालू शकत नाही. बदल करणारा बहुधा आपणच पुढे बसवलेला प्रॉक्सी असतो, नाहीतर पैसे देऊन घेतलेली सीडीएन सेवा.

त्या संध्याकाळी आम्ही नोंदींच्या वाटेवर कॉम्प्रेशन बंद केलं:

```
location /books/ {
    gzip off;
    proxy_pass http://127.0.0.1:8080;
}
```

पाच मिनिटांत मराठी सेव्ह व्हायला लागली, आणि पानं पुन्हा संथ झाली. हा उपाय तात्पुरताच होता.

दुसरा उपाय सगळ्यांच्या आधी सुचतो: `If-Match` मध्ये `W/` दिसलं की प्रोग्रामनं ते खरडून टाकावं आणि उरलेलं ताडावं. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे खूण म्हणजे नोंदीचा आवृत्ती क्रमांकच आहे, तिथे यानं प्रत्यक्षात नुकसान होत नाही. नोंद सातवर आहे का एवढाच प्रश्न असतो, ती दाबून पाठवली की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तरी मला ते रुचलं नाही. मानक म्हणतं कच्ची खूण जुळवू नका, आपण जुळवायची, आणि उद्या याच प्रोग्रामच्या दुसऱ्या कोपऱ्यात खूण खऱ्या अर्थानं कच्ची असेल तेव्हा हीच सवलत अंगाशी येणार. शिवाय पुढे अपाचे बसवला तर `-gzip` खरडायला पुन्हा कोड लिहायचा.

तिसरी वाट म्हणजे दाबण्याचं काम प्रोग्रामनंच करायचं आणि दाबलेल्या प्रतीला स्वतःची पक्की खूण द्यायची, उदाहरणार्थ `"7-gz"`, आणि सेव्ह करताना दोन्ही खुणा सातच्याच मानायच्या. आतून आलेलं उत्तर आधीच दाबलेलं असेल तर एनजिनएक्स ते पुन्हा दाबत नाही आणि खुणेला हात लावत नाही. हे नियमाला धरून आहे. चार नोंदींच्या वाचनालयासाठी मात्र मला ते जड वाटलं.

आम्ही शेवटी केलं ते सगळ्यात साधं. आवृत्ती क्रमांक नोंदीच्या आतच, जेसनमध्ये, एक रकाना म्हणून ठेवला. ब्राउझर सेव्ह करताना तो मजकुरासोबत परत पाठवतो आणि डेटाबेस लिहिताना तपासतो की अजून तोच आहे का. प्रॉक्सी मजकूर दाबेल, उलगडेल, पण आतला सात काही बदलणार नाही. ईटॅग आम्ही वाचण्यापुरता ठेवला. तिथे सैल रीत लागते, त्यामुळे `W/` लागलं तरी ‘बदल नाही’ मिळत राहतं. कॉम्प्रेशन पुन्हा चालू केलं.

माझं मत आता असं आहे: ईटॅग हा पाठवलेल्या बाइटांचा शिक्का आहे, आणि बाइटं वाटेत बदलणं हे मधल्या गड्याचं कामच आहे. नोंदीचा इतिहास त्या शिक्क्यावर टांगणं ही आमची हौस होती. `If-Match` वाईट नाही, मानकात तो याच कामासाठी आहे, पण तो वापरणाऱ्यानं आपल्या आणि ब्राउझरच्या मध्ये कोण कोण उभं आहे ते आज, पुढच्या महिन्यात आणि नोकरी सोडताना माहीत करून घेतलं पाहिजे. आमच्याकडे एका महिन्यातच मधे नवा माणूस आला होता, आणि त्याला आम्हीच आणलं होतं.

मॅडमनी त्या दिवसांत रोमन लिपीत लिहिलेल्या टिपा अजून सूचीत आहेत. वेळ मिळेल तशा त्या एकेक उघडून देवनागरीत करतात, आणि सेव्ह झाल्यावर मला कळवत नाहीत.